फोटोतला तो एक आकडा

आमच्या दांडियाबाजारातल्या क्लासचा डाउट ग्रुप म्हणजे तिरक्या फोटोंचं गोदाम आहे. परीक्षा जवळ आली की पोरं दुसऱ्याच्या वहीचा फोटो काढतात, तोही ट्यूबलाइटची सावली पाडून, अर्धी ओळ कापून, आणि खाली लिहितात "मॅडम इंडिपेंडंट आहे का?" बस्स. एवढंच.

परवा असाच एक आला. तीन व्हेक्टर, (1, 2, 3), (2, 5, 4), आणि तिसरा (1, 3, आणि पुढे काहीतरी). ते काहीतरी म्हणजे वर गोल आणि खाली शेपूट, म्हणजे सरळ 9, नाही का? आमच्या एका सीनियर सरांनी लगेच 9 धरून डिटरमिनंट काढला, 8 आला, शून्य नाही, म्हणून "इंडिपेंडंट" असं ठोकून मोकळे झाले. सरांचा हिशोब बरोबरच होता, त्यात काही म्हणणं नाही. पण बडोद्यात शिकवायचं म्हणजे एक गोष्ट डोक्यात ठेवावीच लागते: गुजराती माध्यमातून आलेली पोरं कॉलेजात इंग्रजी आकडे लिहितात खरे, पण घाईत मधेच त्यांचा जुना १ उतरतो, आपल्या मराठी १ सारखाच, आणि तो फोटोत हुबेहूब 9 दिसतो.

मी अशा वेळी अंदाज बांधत नाही, त्या जागी k लिहिते. व्हेक्टर रो म्हणून मांडले आणि रो रिडक्शन केलं. दुसऱ्या रोमधून पहिलीची दुप्पट वजा केली, तिसऱ्यातून पहिली वजा केली, मग तिसऱ्यातून नवी दुसरी:

```
1  2  3        1  2   3         1  2   3
2  5  4   ->   0  1  -2    ->   0  1  -2
1  3  k        0  1  k-3        0  0  k-1
```

k फक्त शेवटच्या कोपऱ्यात राहिला. डिटरमिनंट म्हणजे k - 1. म्हणजे k = 1 असेल तरच शून्य, बाकी कुठलाही आकडा असो, तिन्ही इंडिपेंडंट. आता बघा, 9 वाचला तर 8, आणि १ वाचला तर थेट शून्य, म्हणजे ज्या दोन आकड्यांत घोळ तेच दोन उत्तराच्या दोन बाजूंना!

संशयाचा आकडा मधेच कुठे असेल तरी घाबरायचं कारण नाही. व्हेक्टरांचा क्रम बदला, सगळ्या व्हेक्टरांतले घटक एकाच पद्धतीने पुढेमागे करा, तो आकडा खाली उजव्या कोपऱ्यात आणा. फार तर डिटरमिनंटचं चिन्ह उलटेल, शून्य असणं-नसणं तेच राहतं. मग त्या कोपऱ्याचा कोफॅक्टर बघायचा, म्हणजे वरच्या डाव्या दोन बाय दोनचा डिटरमिनंट. इथे तो 1×5 - 2×2 = 1. हाच जर शून्य निघाला असता तर k चा डिटरमिनंटवर काहीच परिणाम नसता, मग 9 वाचा की १, निकाल एकच. हे कुणी शिकवत नाही, कारण पुस्तकातले आकडे छापील असतात.

मी पोराला फोन केला, म्हटलं "अरे, वही कुणाची?" मैत्रिणीची निघाली. मी फोटो मोठा करून बघत होते, तर त्याच ओळीतला पहिला 1 सरळ काठीसारखा, त्यामुळे दुसरा १ असा कसा लिहील हा प्रश्न होताच, तो सरांच्या बाजूने जाणारा पुरावा, खोटं कशाला बोलू. पण मैत्रीण म्हणाली, "मॅडम, तो एकच आहे, सवयीने गेला हाताने."

मग काय, डिपेंडंट. आणि नातं डोळ्यांना दिसतं: दुसऱ्यातून पहिला वजा केला की (1, 3, 1), म्हणजे तिसराच! v1 - v2 + v3 = 0. पोराला सांगितलं, उत्तरात ही ओळ लिही, नुसतं "डिटरमिनंट शून्य" लिहून थांबू नकोस, नातं विचारलं असेल तर अर्धे मार्क तिथेच असतात. सरांना मी पर्सनलवर कळवलं, तर म्हणाले "अहो ताई, मी दिसतं ते सोडवतो." त्यांचं उत्तर अजून ग्रुपवर आहे आणि त्याला अंगठेही मिळतायत.

रात्री त्याच पोराचा पुढचा फोटो, आणखी धुरकट. तीन घटकांचे चार व्हेक्टर. मी मोठा करूनही बघितला नाही, लगेच लिहिलं "डिपेंडंट". तीन मितींत चार व्हेक्टर कधी इंडिपेंडंट होतच नाहीत, आकडे काहीही असोत, आणि डिटरमिनंट तर इथे काढताच येत नाही, मॅट्रिक्स चौरस नाही. फक्त नातं हवं असेल तर आकडे नीट लागतील, त्यासाठी म्हटलं बाबा, आता मैत्रिणीलाच टाइप करून पाठवायला सांग.