पगार, नोटीस आणि मस्टर : 14 जणांच्या कामगार कपातीचा हिशेब

गेटवर नोटीस लागली की पहिल्यांदा तिच्यातला शब्द बघायचा. ले-ऑफ म्हणजे नोकरी कायम, फक्त काम तात्पुरतं नाही. कपात म्हणजे कामगार जादा ठरवून कमी केला. क्लोजर म्हणजे कारखाना किंवा त्याचा एखादा भाग कायमचा बंद. टाळेबंदी ही चौथीच गोष्ट, ती औद्योगिक वादातलं हत्यार आहे. पण बातम्यांमध्ये बंद पडलेल्या प्रत्येक कारखान्याला सर्रास 'टाळं लागलं' म्हणतात आणि कामगारही तोच शब्द अर्जात लिहून मोकळे होतात. शब्द चुकला की मागणीही चुकते.

मी ज्या प्रकरणाचे कागद सांभाळले, तिथे 64 कामगार होते. मशीन शॉपचं काम घटलं आणि 9 जून 2023 पासून 14 जणांना ले-ऑफ दिला. तेव्हा औद्योगिक विवाद कायदा, 1947 लागू होता. 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभर सलग सेवा झालेल्या कायम कामगाराला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. साप्ताहिक सुट्टीचा दिवस त्यात धरत नाहीत.

इथे पहिली चूक कामगारांकडूनच होते. काम नाही म्हणून माणूस घरी बसतो. पण कामाच्या वेळेला रोज एकदा हजर झालं नाही तर त्या दिवसाची भरपाई जाते. ले-ऑफ असला तरी मस्टर ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. दुसऱ्याच दिवशी सिक्युरिटीने 'तुमचं मस्टर आत नाही' म्हणून सगळ्यांना परत पाठवलं. त्या दिवसापासून आम्ही एका वहीत तारीख, पोचल्याची वेळ आणि चौदा सह्या घ्यायला सुरुवात केली आणि त्याच दिवशी व्यवस्थापनाला पत्र देऊन पोच घेतली. पुढे हजेरीवर एकही प्रश्न आला नाही तो या वहीमुळे.

रविवार सोडून 31 जुलैला 45 दिवस भरले. '45 दिवसांनंतर काही द्यावं लागत नाही' हे सगळ्या कारखान्यांत तोंडपाठ असतं, पण ते अर्धंच खरं आहे. तसा करार कामगारांशी झाला असेल तरच पुढची भरपाई थांबते. मात्र तसा करार असला की 45 दिवसांनंतर मालक रीतसर कपात करू शकतो आणि मागच्या बारा महिन्यांत दिलेली ले-ऑफची रक्कम कपातीच्या भरपाईतून वळती करू शकतो. इथे करार होता. 1 ऑगस्टला कपातीची पत्रं हातात पडली.

पत्रात कारण लिहिलेलं होतं, एक महिन्याच्या नोटीसऐवजी पगार देऊ असंही होतं. शेवटची ओळ मात्र अशी : 'आपला हिशेब 10 तारखेला अकाउंट्समधून घेऊन जावा.' सगळं प्रकरण या एका ओळीवर फिरलं. त्या कायद्याच्या कलम 25फ प्रमाणे नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि भरपाई, या कपातीच्या आधी पुऱ्या करायच्या अटी आहेत. पैसे पत्रासोबत किंवा त्याआधी द्यावे लागतात. नऊ दिवसांनी दिलेले पैसे कितीही बरोबर असले तरी कपात टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हॉस्पिटल मजदूर सभा प्रकरणात 1960 मध्येच सांगितलं आहे. सरकारला कळवण्याची अटही त्याच कलमात आहे, पण ती राहिली म्हणून कपात आपोआप रद्द होत नाही. त्यामुळे त्या मुद्द्यावर मी जोर दिला नाही.

आता आकडे. एका ऑपरेटरचा हिशेब उदाहरण म्हणून घेऊ. रुजू 10 जानेवारी 2012. मूळ वेतन व महागाई भत्ता 13,000 रुपये, घरभाडे आणि इतर भत्ते धरून मार्च ते मे या तीन महिन्यांची सरासरी 18,600. कंपनीने मूळ आणि महागाई भत्त्याच्या निम्मे 6,500 धरले, सेवा 11 वर्षं धरली आणि 71,500 काढले. दोन्ही चुकीचं. त्या कायद्यातल्या 'वेतना'त भत्तेही येत होते; बोनस, पीएफचा मालकाचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटी येत नव्हती. सेवा 11 वर्षं 6 महिने 22 दिवस झाली होती, आणि सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात. म्हणून 12 वर्षं, दर वर्षाला 9,300, एकूण 1,11,600. त्यातून ले-ऑफचे 45 दिवस, रोज 250 प्रमाणे 11,250 वजा. राहिले 1,00,350. शिवाय नोटीस पगार 18,600.

आमच्यातल्याच एकाने पगाराला 26 ने भागून 15 ने गुणायचा आग्रह धरला होता. ते सूत्र ग्रॅच्युइटीचं. कपातीच्या भरपाईत पंधरा दिवस म्हणजे महिन्याचा निम्मा पगार, हे गुरु जंभेश्वर विद्यापीठाच्या निकालाने 2007 मध्ये स्पष्ट झालं आहे. ग्रॅच्युइटी वेगळी मिळते. या ऑपरेटरची 13,000 वर 26 च्या सूत्राने 90,000 झाली. दोन्ही रकमा एका चेकमध्ये घालून दिल्या की कशात किती कापलं ते कळत नाही, म्हणून वेगवेगळा तपशील लेखी मागावा.

दुसरा मुद्दा यादीचा. त्या त्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जातो, आणि महाराष्ट्राच्या तेव्हाच्या नियम 81 प्रमाणे ज्येष्ठता यादी कपातीच्या किमान सात दिवस आधी बोर्डावर लावावी लागत होती. यादी लागलीच नव्हती. शिवाय दोन कनिष्ठ ऑपरेटर 'सेटर' नाव देऊन ठेवले होते. पदनामाने वर्ग बदलत नाही, काम बघावं लागतं. त्यांच्या मागच्या पगारपत्रकांवर 'ऑपरेटर' छापलेलं होतं, तेवढं पुरलं.

मग कंपनीने पवित्रा बदलला : ही कपात नाहीच, मशीन शॉप आम्ही बंद केला. हा डाव ओळखून ठेवावा, कारण क्लोजरमध्ये ज्येष्ठतेचा प्रश्न उरत नाही आणि भरपाई आधी देणं ही पूर्वअट नसते. पण 50 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात त्यासाठी सरकारला 60 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती दिली नव्हती. आणि तीच मशीनं शेजारच्या शेडमध्ये ठेक्याच्या कामगारांवर चालू होती.

सहायक कामगार आयुक्तांपुढे चौथ्या सुनावणीला समझोता झाला. कंपनीने 1 ऑगस्टची पत्रं मागे घेतली, मधल्या काळाचा पगार दिला, दोन ज्येष्ठांना परत घेतलं आणि बाकी बाराजणांना पत्र आणि चेक एकाच वेळी, रीतसर यादी लावून दिले. काहींनी 10 ऑगस्टला पैसे उचलले होते. त्यांनी पावतीवर 'हक्क राखून' असं लिहून सही केली होती, त्यामुळे त्यांचाही दावा शाबूत राहिला.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. महिन्याची नोटीस, पंधरा दिवसांची भरपाई, शेवटी आलेला आधी जाणं, हे तसंच आहे. सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा मात्र 100 वरून 300 कामगारांवर गेली, म्हणजे दीडशे-दोनशेच्या कारखान्यात आता परवानगीचा अडसर नाही. वैयक्तिक वाद थेट न्यायाधिकरणात नेण्याची मुदत तीन वर्षांऐवजी दोन वर्षं झाली. एक भर पडली : कपात झालेल्या प्रत्येकासाठी मालकाने शेवटच्या पगाराचे 15 दिवस पुनर्कौशल्य निधीत भरायचे आणि ती रक्कम कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. भरपाईशी तिचा संबंध नाही, त्यामुळे कोणी ती भरपाईतून वळती केलेली दिसली तर तिथेच थांबवायचं.