उत्पन्नाचा दाखला ऑनलाइन काढला, एक वर्ष की तीन वर्षं यात अडकलो

मुलीच्या ॲडमिशनसाठी डोमिसाईल आणि उत्पन्नाचा दाखला, दोन्ही आपले सरकारवरून काढले. डोमिसाईलला काहीच त्रास नाही, शाळेचा दाखला आणि 10 वर्षांच्या रहिवासाचे पुरावे होते, काम झालं. सगळा वैताग उत्पन्नाच्या दाखल्याने दिला.

फॉर्ममध्ये एक वर्ष की तीन वर्षं असं विचारतात, पुढे कारण विचारतात. मी आधी एका सेवा केंद्रात गेलो, तिथल्या माणसाने मला न विचारता एक वर्ष टाकलं, कारण "शैक्षणिक", आणि 500 रुपये घेतले. नंतर पावती बघितली तर रक्कम शंभरच्याही आत! मी पावतीच तेव्हा नीट वाचली नाही, घाई होती, तुम्ही मात्र तिथेच वाचा आणि वरचे पैसे कशाचे ते विचारा.

दाखला आला, पण आम्हाला नॉन क्रिमी लेयर काढायचं होतं आणि त्याला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं. एक वर्षाचा दाखला तिथे चालत नाही. स्कॉलरशिपला मागच्या एका आर्थिक वर्षाचं चालतं, म्हणून आधी हा दाखला पुढे कुठे लावायचाय ते ठरवा, मग वर्ष निवडा.

दुसऱ्यांदा घरून स्वतः भरला. तीन वर्षं निवडली, 2022-23, 2023-24, 2024-25, तिन्ही वर्षांचे आकडे टाकले. तरी अर्ज परत आला, कारण मी जोडलेला तलाठ्याचा अहवाल फक्त 2024-25 चा होता. आमची शेती आणि छोटं दुकान, रिटर्न भरत नाही, म्हणून तलाठ्याच्या अहवालावरच सगळं अवलंबून. पुन्हा तलाठ्याकडे जाऊन तिन्ही वर्षांचा अहवाल घेतला, मी फॉर्ममध्ये भरलेला एका वर्षाचा आकडा त्यांच्या अहवालाशी जुळत नव्हता तोही दुरुस्त केला, मग अपलोड केला तेव्हा कुठे पुढे सरकला. नोकरीवाल्यांनीही हेच बघा, तीन वर्षं निवडली तर फॉर्म 16 तिन्ही वर्षांचे हवेत, एकच जोडून चालणार नाही.

अजून एक, अर्जदार मी आणि लाभार्थी मुलगी. तिचं नाव आधारवर जसं आहे तसंच टाका. आमच्या रेशनकार्डवर तिचं घरातलं नाव होतं, ते बघून मी तेच टाकणार होतो, बायकोने अडवलं म्हणून वाचलो.

स्वयंघोषणापत्रावर सही करून स्कॅन करा, ते राहिलं तरी अर्ज अडकतो. दाखला हातात आला की आधी वर्षांचा तक्ता आणि कारण वाचा, आणि खाली किती तारखेपर्यंत वैध लिहिलंय तेही. आमच्या दाखल्यावर 31 मार्च आहे, म्हणजे पुढच्या ॲडमिशनला हाच दाखला घेऊन जाता येणार नाही, तेव्हा परत काढायचा, आणि तलाठ्याचा अहवाल आधी!