४५, ६५ आणि मधलं ५५

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं की आम्ही दिवसभर थ्रीडी चित्रं फिरवत बसतो. खरं तर माझा बराचसा वेळ दुसऱ्यांनी काढलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्यात जातो. त्या दिवशी माझ्यापुढे आलेला रिपोर्ट दोन पानांचा होता आणि निष्कर्ष एका ओळीत होता: पट्टीच्या मध्यबिंदूचं तापमान ४५ अंश, मर्यादा ५० अंश, डिझाइन सुरक्षित.

काम सरळ होतं. चौरस धातूची पट्टी, वरची कड हीटरला जोडून १३० अंशांवर धरलेली, उरलेल्या तीन कडा पाण्याने गार ठेवून ३० अंशांवर. दोन्ही पृष्ठभागांवर इन्सुलेशन. बरोबर मधोमध एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बसणार होतं आणि त्याच्या बुडाला ५० अंशांच्या वर चालत नव्हतं. ग्राहकाला अशा बऱ्याच मापांच्या पट्ट्या तपासायच्या होत्या, म्हणून आमच्याकडच्या नव्या इंजिनिअर मुलीने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला होता. पट्टीवर जाळी टाकायची, कडांवरचे आकडे कायम ठेवायचे, आतल्या प्रत्येक बिंदूवर चार शेजाऱ्यांची सरासरी लिहायची आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत फेऱ्या मारत राहायच्या. शंभर बाय शंभर घरांची जाळी. रंगीत नकाशा अगदी देखणा आला होता: वर तांबडा, खाली निळा, मध्ये गुळगुळीत उतार. साहेबांनी तो पाहूनच सही केली होती. रंगीत नकाशा पाहिला की आमच्याकडे भल्याभल्यांची शंका विरघळते, आणि याचा मला खरोखर राग येतो.

मी अडखळले ते ४५ वर. या पट्टीचं मधलं तापमान काढायला संगणक लागतच नाही. अशाच चार पट्ट्या घ्या, प्रत्येकीची वेगळी कड तापवलेली. चारींची ३० अंशांच्या वरची वाढ एकमेकींत मिळवली तर सगळ्या कडा १०० अंशांनी तापलेली एक पट्टी तयार होते आणि तिच्या आत सगळीकडे १०० अंशच वाढ असणार. मध्यबिंदू चारी बाजूंना सारखाच, म्हणून प्रत्येक पट्टीचा वाटा चौथाई, म्हणजे २५. तीसमध्ये पंचवीस मिळवले की ५५. जाळीवरही हे तंतोतंत खरं आहे, कारण चार शेजाऱ्यांची सरासरी घेण्याचा नियम पट्टी फिरवली तरी बदलत नाही. दहा घरांची जाळी असो की शंभर, मध्यबिंदूवर ५५ च यायला हवेत.

मी तिला बोलावलं. ती आली तीच वही घेऊन, आणि ते मला फार आवडलं. वहीत सगळ्या जाळ्यांचे आकडे होते. दहा घरांच्या जाळीवर ५४.९, वीसवर ५४.६, पन्नासवर ५२.५, शंभरवर ४५.

"मॅडम, जाळी बारीक केली की उत्तर खाली येतंय. बारीक जाळी जास्त अचूक असते, म्हणून शंभरचं घेतलं."

तिचा तर्क शिकवलेल्या नियमाप्रमाणे होता. पण आकडे ज्या तऱ्हेने सरकत होते ते बघा. जाळी बारीक होत जाते तसा दोन उत्तरांमधला फरक आटत जायला हवा. इथे तो फुगत होता: आधी ०.३, मग २.१, मग ७.५. एवढं पाहिलं तरी पुढचं पान उलटायचं थांबावं.

"थांबायची अट काय ठेवलीस?"

"एका फेरीत कुठल्याच बिंदूवर ०.०१ पेक्षा जास्त बदल झाला नाही की थांबायचं. कॉलेजमध्ये तसंच करायचो."

कॉलेजात पाच-दहा घरांच्या जाळीवर हात बसतो आणि तिथे ही अट निभावून जाते. मोठ्या जाळीवर ती का फसते हे कुणी फळ्यावर मांडून दाखवत नाही, आणि पोरं तीच अट नोकरीत घेऊन येतात.

गोम अशी आहे. एका फेरीत किती बदल झाला आणि खरं उत्तर अजून किती लांब आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडेची उष्णता प्रत्येक फेरीत शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. जाळीच्या खडबडीत चुका दोन-चार फेऱ्यांत पुसल्या जातात, पण अख्ख्या पट्टीवर पसरलेली एक सौम्य फुगवट्यासारखी चूक फार सावकाश ओसरते. N घरांच्या जाळीवर ताजे आकडे लगेच वापरणाऱ्या, म्हणजे गाऊस-सायडेल पद्धतीत, ती चूक दर फेरीला `cos²(π/N)` पटीने कमी होते. दहा घरांवर ही पट ०.९०५ आहे. शंभर घरांवर ती ०.९९९ आहे. म्हणजे एका फेरीत चुकीचा फक्त हजारावा हिस्सा जातो. फेरीत ०.०१ बदल दिसत असेल तर चूक त्याच्या सुमारे हजार पट उरलेली असते, म्हणजे १० अंश. ५५ मधून १० गेले की ४५. प्रोग्रॅम बरोबर होता, तो साधारण चौदाशे फेऱ्यांनंतर वाटेतच उभा राहिला होता.

हे मी तिला सांगितलं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की सूत्र पटलं तरी मन पटलेलं नाही. मग तिला एकच बदल करायला लावला. तिने सुरुवातीला आतले सगळे बिंदू ३० अंशांवर ठेवले होते. "आता सगळे १३० वर ठेव आणि चालव. बाकी काही बदलू नकोस."

फेऱ्या हजारच्या वर गेल्या, दोन हजारच्या वर गेल्या आणि प्रोग्रॅम थांबला. मध्यबिंदूवर ६५.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. तीच पट्टी, तीच जाळी, तीच अट. गार सुरुवातीपासून ४५, तापलेल्या सुरुवातीपासून ६५. दोन्ही नकाशे तितकेच गुळगुळीत. चित्राकडे पाहून त्यातलं खोटं कुठलं हे मलाही सांगता आलं नसतं, आणि हीच गोष्ट मला अजून सोडत नाही.

त्यानंतर दुपार ओव्हर-रिलॅक्सेशनमध्ये गेली. थांबायची अट कडक करणं हा उपाय होताच, ०.०१ च्या जागी ०.०००००१ ठेवला तर शंभर घरांवर दहा हजारांपेक्षा जास्त फेऱ्या लागतात. एका पट्टीला ते चालेल, ग्राहकाच्या सगळ्या पट्ट्यांना नाही. म्हणून शेजाऱ्यांची सरासरी जिथे न्यायला सांगते तिथेच थांबायचं नाही, त्याच दिशेने थोडं पुढे जायचं:

```
for i in range(1, N):
    for j in range(1, N):
        r = (T[i-1][j] + T[i+1][j]
             + T[i][j-1] + T[i][j+1])/4 - T[i][j]
        T[i][j] += w*r
```

`w` एक असेल तर जुनीच पद्धत. दोन किंवा त्याच्या वर नेला की आकडे उत्तराकडे बसतच नाहीत. मधली किंमत किती, हा प्रश्न १९५० मध्ये डेव्हिड यंग यांनी हार्वर्डमधल्या प्रबंधात सोडवला. त्याच वर्षी स्टॅनली फ्रँकेल यांनीही स्वतंत्रपणे ही पद्धत मांडली. चौरसाच्या, चारी कडा कायम असलेल्या जाळीसाठी उत्तर एका ओळीचं आहे:

```
w = 2/(1 + sin(pi/N))
```

शंभर घरांसाठी हे १.९३९ येतं. तिने आधी स्वतःच्या अंदाजाने १.५ घालून पाहिलं होतं आणि "फारसा फरक नाही" म्हणाली होती. बरोबरच आहे, १.५ ने वेग जेमतेम तिप्पट होतो. सगळी मिळकत शेवटच्या टोकाला आहे. १.९ वर दर फेरीची पट ०.९७९, आणि १.९३९ वर ०.९३९. ०.९९९ च्या तुलनेत हे किती, ते फेऱ्यांत दिसलं: दहा हजारांच्या वर जाणारं काम साडेतीनशेच्या आसपास आटोपलं. नेमकी किंमत हाती नसेल तर किंचित जास्त घ्यावी, कमी घेऊ नये. १.९५ घेतलं तर पट ०.९५ होते, नुकसान थोडं. तेवढंच खाली, १.९२८ वर आलं तर ते जास्त महाग पडतं, कारण `w` प्रमाणे पट कशी बदलते याचा आलेख काढला तर नेमक्या किमतीच्या डाव्या बाजूला तो एकदम कड्यासारखा चढतो.

आणि तरीही थांबायची अट ०.०१ ठेवायची नाही, हे मी तिच्या वहीत लिहून घ्यायला लावलं. १.९३९ वर चूक बदलाच्या हजार पट नसते, पण पंधरा-एक पट असतेच. ०.०००००१ च्या अटीवर चालवल्यावर मध्यबिंदूवर ५५.०० आले, गार सुरुवातीपासून आणि तापलेल्या सुरुवातीपासूनही.

संध्याकाळी ग्राहकाकडच्या इंजिनिअरांना फोन केला. कार्ड मधोमध चालणार नाही, खालच्या कडेकडे सरकवावं लागेल. ते नाराज झाले. "आधीचा आकडा शंभरच्या जाळीवरचा होता ना, मग तो चुकेल कसा?" असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. जाळीचा बारीकपणा आणि उत्तर पूर्ण सुटलेलं असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे फोनवर समजावणं फार जड जातं. शेवटी मी दोन्ही नकाशे, ४५ चा आणि ६५ चा, शेजारी-शेजारी लावून पाठवले. तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "कळलं. कार्ड हलवतो."

पुढच्या पट्ट्या आयताकृती आहेत, कडांवरची तापमानंही चार वेगवेगळी आहेत. तिथे चौथाईचा हिशोब लागत नाही, म्हणजे ५५ सारखा आयता पहारेकरी नाही. त्यांच्यासाठी आम्ही ठरवलं आहे की आधी `w = 1` वर काहीशे फेऱ्या चालवायच्या आणि सलग दोन फेऱ्यांतल्या बदलांचं गुणोत्तर छापायचं. ते गुणोत्तर स्थिरावलं की तीच दर फेरीची पट, `q`. बदलाला `q/(1-q)` ने गुणलं की उरलेल्या चुकीचा अंदाज मिळतो, आणि `2/(1+sqrt(1-q))` ने त्या पट्टीचा `w`. पण बदल छापताना चारच दशांश ठेवले तर ०.०१०० नंतर पुन्हा ०.०१०० च दिसतं आणि गुणोत्तर एक येतं. म्हणून आता आठ दशांश छापतो. तिने त्याच दिवशी प्रोग्रॅममध्ये तेवढी ओळ बदलली आणि कार्ड खालच्या कडेपासून किती अंतरावर बसवायचं याची पहिली फेरी लावून ठेवली.