नोंद ११ : पांढऱ्या पडद्यानं दिलेला दगा

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की मिरच्यांच्या खेळाचा रंगांधळेपणाचा भाग उरकला, आता फक्त मेनू जोडायचा. ते वाक्य मागे घेते. रविवारी मामा जेवायला आले होते. जेवणानंतर त्यांच्या हातात लॅपटॉप दिला, पहिली पातळी लावली आणि शेजारी वही घेऊन बसले. वरून चाळीस मिरच्या पडतात, हिरवी डाव्या टोपलीत, लाल उजव्या. मामांच्या तेवीस बरोबर आल्या. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी वीसेक आल्याच असत्या.

"अगं, सगळ्या शेवाळीच आहेत की," मामा म्हणाले. "तू लाल म्हणतेस ती कुठली?"

नव्यांसाठी एका ओळीत: मामांना लहानपणापासून लाल-हिरव्यात फरक कळत नाही. मंडईत टोमॅटो ते दाबून घेतात, रंग मामी बघते. त्यांच्यासारखा खेळाडू डोळ्यासमोर ठेवूनच मी हा खेळ करतेय, आणि नेमका तोच पहिल्या पातळीला अडकला.

चिडचीड होण्याचं कारण असं की मी रंग तपासले होते. गोडोमध्ये पूर्ण पडद्यावर एक शेडर लावते. ड्यूटेरॅनोपिया असलेल्याला चित्र कसं दिसत असेल, ते मला दाखवायचं त्याचं काम. त्यातली मॅट्रिक्स तुम्हा सगळ्यांकडे असते तीच, माचाडो, ऑलिव्हेरा आणि फर्नांडिस यांच्या २००९च्या कामातली. शेडर चालू केला की लाल मिरची गडद तपकिरी दिसायची आणि हिरवी तिच्यापेक्षा ठळक उजळ. रंग गेला तरी उजेडातला फरक राहतोय, म्हणजे भागलं, असं मी धरून चालले.

मामा गेल्यावर पहिला संशय मॅट्रिक्सवर आला. शेडरमध्ये `mat3` स्तंभांनी भरतात आणि कागदावर ती ओळींनी छापलेली असते, त्यामुळे आडवी-उभी अदलाबदल हा आपल्यातला नेहमीचा घोळ. त्याला माझी ठरलेली चाचणी आहे: पडद्यावर पांढरा चौकोन ठेवायचा. या मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीची बेरीज १ येते, म्हणून पांढरा पांढराच राहायला हवा. उलटी भरली असेल तर त्यावर हिरवट झाक येते. चौकोन पांढराशुभ्र होता. करड्या रंगाच्या पाच छटा ठेवून बघितल्या, त्याही जागच्या हलल्या नाहीत. मग मॉनिटरला दोष दिला, मग मामांच्या चष्म्याला (हे त्यांना सांगू नका), आणि दोन संध्याकाळी अशाच गेल्या.

तिसऱ्या दिवशी सहज खेळाचा स्क्रीनशॉट क्रोममध्ये उघडला. डेव्हलपर टूल्समधल्या Rendering या भागात दृष्टिदोषाची नक्कल करायची सोय आहे. फुकट आहे आणि कुठल्याही विकत घेतलेल्या प्लगइनपेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटते. तिथे दोन्ही मिरच्या जवळजवळ एकाच शेवाळी रंगाच्या झाल्या. मामांचाच शब्द, शेवाळी! आणि मजा म्हणजे क्रोमही त्याच २००९च्या मॅट्रिक्स वापरतं. मॅट्रिक्स तीच आणि उत्तर वेगळं, म्हणजे चूक मॅट्रिक्समध्ये जाण्याआधी होत असणार.

झालेलं असं होतं. फाइलमधले रंगाचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, ते sRGBच्या वळणावर बसवलेले असतात. १२८ म्हणजे २५५च्या निम्मा प्रकाश नव्हे, जेमतेम २२ टक्के. माचाडोची मॅट्रिक्स सरळ प्रमाणातल्या प्रकाशासाठी आहे. मी जिथून शेडर उचलला त्या संकेतस्थळावरच्या प्रतीत हे रूपांतरच नव्हतं आणि मीही डोळे झाकून ते तसंच चिकटवलं. तिथे त्या शेडरखाली कौतुकाचा पाऊस पडलाय.

आकड्यांत सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्याकडे पडताळता येईल. माझी लाल मिरची २००, ६०, ४० होती आणि हिरवी ९०, १२८, ४०. रूपांतराशिवाय मॅट्रिक्स लावली की लालची ११६, ९८, ३९ होते आणि हिरवीची १३४, ११३, ४३. हिरवी स्पष्ट उजळ दिसते, मी भुलले ती इथेच. आधी सरळ प्रमाणात आणून, मॅट्रिक्स लावून परत sRGBत नेलं की लालची १३६, १२२, ३४ आणि हिरवीची १२९, ११६, ४७. फरक जवळपास गेला, आणि उरलेला चिमूटभर फरक उलट्या बाजूचा! चुकीच्या नकलेत हिरवी उजळ होती, बरोबर नकलेत लालच किंचित उजळ आहे.

आता पांढऱ्या चौकोनाची गोष्ट. ओळीची बेरीज १ असली की तिन्ही आकडे सारखे असलेला रंग मॅट्रिक्समधून जसाच्या तसा बाहेर पडतो, मग तुम्ही सरळ प्रमाणात आणा की न आणा. म्हणजे माझी लाडकी चाचणी उलटी भरलेली मॅट्रिक्स पकडते, पण ही चूक तिला पकडताच येत नाही. पाच काय, पन्नास करड्या छटा लावल्या असत्या तरी तेच झालं असतं. आता चाचणीत वरचे दोन मिरचीरंगच ठेवलेत आणि बाहेर येणारे आकडे बघते.

दुरुस्त भाग एवढाच:

```glsl
void fragment() {
	vec3 c = texture(screen_tex, SCREEN_UV).rgb;
	vec3 s = DEUTAN * to_linear(c);
	COLOR.rgb = to_srgb(clamp(s, 0.0, 1.0));
}
```

`clamp` विसरू नका. निव्वळ लाल रंगाला निळ्याचा आकडा किंचित उणे येतो, आणि उणे आकड्याचा अपूर्णांक घात काढायला गेलं की काय दिसेल याचा नेम नाही. माझ्याकडे काळे ठिपके आले होते.

शेडर सुधारला, पण मिरच्या तशाच राहिल्या. खरं तर नकलेची गरजच नव्हती, कारण मूळ दोन रंगांतलं उजेडाचं गुणोत्तर काढलं तर १.१ येतं. वेबच्या नियमावलीत महत्त्वाच्या चित्रखुणांना निदान ३ लागतं. लाल-हिरव्याची ही माझी जोडी माझ्या डोळ्यांना भडक वेगळी वाटत होती ती फक्त रंगामुळे, उजेड दोघींचा सारखाच.

मूळ बेत असा होता: मेनूत तीन प्रकार द्यायचे, प्रोटॅन, ड्यूटॅन, ट्रायटॅन, आणि प्रत्येकाला पडद्यावर एक रंगबदल शेडर. तो अर्धा लिहूनही झाला होता. त्याने मिरच्या वेगळ्या होतात, पण आभाळ जांभळट होतं, टोपल्या गुलाबी होतात, आणि मामांना आपला प्रकार कोणता हे माहीतच नाही. त्यांनी कुठे तपासणी केलीय? आणखी एक, काही खेळांत रंगांधळ्यांसाठीचा मोड म्हणून चक्क नक्कल करणाराच शेडर लावलेला मी पाहिलाय. ज्याला आधीच तसं दिसतं त्याला तेच पुन्हा दाखवून काय मिळणार? २०१६चा ह्यू हा अख्खा खेळ रंगांवर उभा आहे, तरी त्यांनी मोडमध्ये रंग न बदलता प्रत्येक रंगाला एक चिन्ह दिलं. तो रस्ता मला पटतो, पण मिरचीवर त्रिकोण-चौकोन काढायला हात धजेना.

उपाय मामीनं दिला, तोही नकळत. ती ब्याडगी निवडत बसली होती. वाळलेली ब्याडगी सुरकुतलेली, वाकडी, आणि हिरवी कशी तुकतुकीत, सरळ. मी ओली लाल मिरची का काढत बसले होते? लाल सगळी वाळकी करून टाकली. आकार आपोआप बदलला, आणि वाळकी म्हटल्यावर रंगही गडद करायची मुभा मिळाली. आता लाल १२०, २५, २० आणि हिरवी पोपटीकडे झुकणारी १५०, १९०, ७०. गुणोत्तर ५. प्रोटॅन असलेल्याला लाल आणखी काळपट दिसते, म्हणजे त्याला उलट फायदाच. ॲसप्राइटमध्ये सुरकुत्या काढायला एक रात्र गेली. बत्तीस पिक्सेलांत सुरकुती म्हणजे तीन तिरक्या रेघा, चौथी काढली की गांडूळ दिसतं.

बुधवारी मामांना पुन्हा बसवलं. चाळीसपैकी अडतीस! दोन चुकल्या त्याही वेगामुळे. "ही सुरकुतलेली इकडे, ही गुळगुळीत तिकडे," असं पुटपुटत खेळले आणि नंतर, "आणखी एकदा लाव," म्हणाले. तीन प्रकारांचा मेनू मी त्याच रात्री उडवला. ज्या खुणेवर खेळ उभा आहे ती सगळ्यांना आधीपासूनच दिसते, शोधून चालू करायला लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. मराठी उपशीर्षकं एकेक अक्षर उमटताना 'मिरची'चा आधी 'म' यायचा आणि मग वेलांटी डावीकडून घुसून शब्द ढकलायची. `visible_characters_behavior` ला `VC_CHARS_AFTER_SHAPING` दिल्यावर शब्द आधी पूर्ण जुळतो, मग उघडतो, त्यामुळे उडी बंद झाली. तरी उपशीर्षकं चालू केली की हा टंकलेखनाचा नखराच मी आता बंद ठेवते. जो वाचूनच ऐकतो त्याला ओळ एकदम मिळायला हवी. आणि कळा बदलण्याच्या पडद्यावर `keycode` ऐवजी `physical_keycode` साठवतेय. इनस्क्रिप्ट चालू राहिला की डावी-उजवी मरायची, ते थांबलं.

हे लिहिताना आणखी एक डोक्यात आलं. वाळकी मिरची हलवली की आत बिया खुळखुळतात. मग लाल पडताना खुळखुळ आणि हिरवी पडताना नुसतं टप असा आवाज दिला, तर ज्यांना पडदा नीट दिसत नाही त्यांनाही कोणती आली ते कळेल. सुरकुत्या आहेतच, त्यामुळे ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काही अडत नाही. पातळी दोनचं काम बाजूला ठेवून आधी हे करते. आज मामीच्या डब्यातल्या मूठभर ब्याडग्या माइकसमोर हलवून बघितल्या. सात टेक घेतले, त्यातल्या पाचांत खुळखुळीपेक्षा माझ्या शिंका मोठ्या आहेत. उद्या तोंडाला रुमाल बांधून पुन्हा.