चौदा केसपेपर आणि मानेतली ओढ : प्राथमिक आरोग्य केंद्रातला माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा एका बाईंची पिशवी माझ्या टेबलावर वारंवार येत असे. त्या ४४ वर्षांच्या होत्या, शेतमजुरी करत होत्या, आणि मी त्यांना मावशी म्हणत असे. त्या पिशवीत नऊ महिन्यांतले चौदा केसपेपर होते. त्यांत तीन ईसीजी, छातीचा एक एक्स-रे, थायरॉइडचा आणि साखरेचा अहवाल, शिवाय तालुक्याच्या खासगी दवाखान्यात लावलेल्या सलाईनच्या पावत्या होत्या. तक्रारी त्याच त्या होत्या : मानेमागे ओढ, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या. हिमोग्लोबिन ९.८ होते, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होत्या. बाकी सर्व अहवाल सामान्य होते.

ते चौदा कागद मी एका दुपारी एकापुढे एक मांडून वाचले. प्रत्येकावर ‘अंगदुखी, अशक्तपणा’ एवढेच लिहिले होते आणि खाली गोळ्यांची नावे होती. त्यातले पाच कागद माझ्याच अक्षरातले होते. मावशींना नेमकी कशाची भीती वाटते, आधीच्या डॉक्टरांनी त्यांना काय समजावले आणि त्यांनी ते मानले की नाही, याविषयी एकाही कागदावर अक्षर नव्हते. त्यामुळे प्रत्येक भेट शून्यापासून सुरू होत होती आणि शून्यापासून सुरू झालेली भेट साहजिकच नव्या तपासणीवर किंवा इंजेक्शनवर संपत होती.

जानेवारीत मी एक चूक केली. तिसरा ईसीजी सामान्य आल्यावर मी मावशींना म्हटले, की रिपोर्ट सगळे चांगले आहेत, तुम्हाला फक्त टेन्शन आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “म्हंजे मले काईच झालं नाई? नाटक हाय का हे?” पुढच्याच आठवड्यात त्या खासगी दवाखान्यात सलाईन लावून आल्या. माझे वाक्य खोटे नव्हते; पण ते ऐकण्याची तयारी होण्याआधीच मी ते बोलून मोकळी झाले होते.

फेब्रुवारीत जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या प्रशिक्षणात एका ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञांनी आम्हाला रिअॅट्रिब्युशन ही पद्धत शिकवली. शरीरातल्या लक्षणाचे कारण रुग्णाला नव्या संदर्भात पाहता यावे, अशी संवादाची ती रीत आहे. गोल्डबर्ग, गास्क आणि ओ’डाउड यांनी ती १९८९ मध्ये मांडली. तिचे मूळ टप्पे तीन : रुग्णाला आपले म्हणणे समजून घेतले गेले असे वाटणे, चर्चेचा विषय विस्तारणे, आणि दुवा जोडणे. पुढे उपचार ठरवण्याचा चौथा टप्पा त्यात आला. प्रशिक्षणातल्या त्या तज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली, ती मला फार उपयोगी पडली. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानग्रंथानुसार सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर हे निदान ‘रिपोर्टमध्ये काही सापडले नाही’ यावर उभे नसते. त्रासदायक लक्षण असणे, त्याविषयीचे विचार, भीती किंवा धावपळ प्रमाणाबाहेर जाणे, आणि ही अवस्था साधारण सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणे, यावर ते ठरते. म्हणजे मावशींचा रक्तक्षय खरा आणि हे निदानही खरे, असे एकाच वेळी असू शकते. मावशी रात्री तीन-तीनदा उठून नाडी चाचपत, शेतात जाणे सोडून बसल्या होत्या, आठवडी बाजारालाही जात नव्हत्या. निदानाचा आधार हा होता.

ओपीडीत ऐंशी रुग्ण असताना हे संभाषण होत नाही, हे मी आधीच मान्य केले आणि मावशींना एका गुरुवारी दुपारी दोनला एकटे बोलावले. पहिल्या भेटीला पंचवीस मिनिटे लागली. पुढच्या कोणत्याही भेटीला बारा मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत. पहिली बारा-तेरा मिनिटे मी फक्त लक्षणांविषयी विचारले. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झाले, ते क्रमाने सांगा, असे म्हटले. हा प्रश्न साधा दिसतो, पण ‘किती दुखते’ या प्रश्नापेक्षा तो पुष्कळ जास्त माहिती देतो, कारण दुखण्याबरोबर घरही आपोआप येते. ‘तुम्हाला स्वतःला हे काय असेल असे वाटते’ हेही विचारले. तेव्हा कळले, की दोन वर्षांपूर्वी त्यांची थोरली जाऊ छातीत कळ येऊन वावरातच गेली होती. “तिचा बी रिपोर्ट चांगलाच होता म्हनत,” असे मावशी म्हणाल्या. सामान्य ईसीजीने त्यांना धीर का येत नव्हता, ते मला त्या वाक्याने समजले. चौथ्या ईसीजीनेही तो आला नसता.

बोलता बोलता त्या म्हणाल्या, “पुन्याले गेलेल्या पोराचा फोन बी लागत नाई आजकाल.” पूर्वी अशा वाक्यावर मी मान हलवून रक्तदाब मोजायला घेत असे. या वेळी मी थांबले आणि म्हटले, “त्याबद्दल सांगा.” पोराच्या मोटारसायकलसाठी मावशींच्या नावावर कर्ज काढले होते आणि दर मंगळवारी वसुलीवाला दारात येत होता. त्यानंतर मी त्यांची नीट तपासणी केली. मान दाबून पाहिली तेव्हा दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ आणि दुखरे लागले, हृदयाचे ठोके नियमित होते. हा वेळ वाया गेला असे वाटू शकते, पण पुढचे बोलणे याच्यावरच टिकते : हात न लावता दिलेले स्पष्टीकरण मावशींनी पुन्हा झिडकारले असते.

दुसऱ्या टप्प्यात मी आधी जे सापडले ते सांगितले आणि मगच जे सापडले नाही ते. “मानेचे स्नायू खरोखर आखडलेले आहेत, दुखणे खरे आहे, हृदय मी ऐकले, ईसीजी पाहिला, त्यात दोष नाही.” मग त्यांच्याच वाक्यांकडे परत गेले : पोराचा फोन, मंगळवार, तुटलेली झोप. या सगळ्याचा मानेशी काही संबंध असेल का, असा मी प्रश्न ठेवला. उत्तर दिले नाही.

दुवा जोडण्यासाठी मी पाण्याने भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला आणि हात समोर ताठ धरायला सांगितला. दोन मिनिटांच्या आतच हात थरथरू लागला, खांदा दुखू लागला. तांब्या खाली ठेवून मी विचारले, “हाताला रोग आहे का?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “नाई जी, जड झाला.” मग मी म्हटले, की काळजीत माणूस नकळत खांदे वर ओढून धरतो, दिवसभर धरतो, आणि मान त्या तांब्यासारखी होते. मुंग्यांसाठी श्वासाचे स्पष्टीकरण होते : घाबरल्यावर श्वास जोरजोरात होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावून ते दाखवताही येते, पण हृदयविकार, दमा किंवा फीट असलेल्यांत तो प्रयोग करू नये. मी तो केला नाही. एका भेटीला एक दुवा पुरे होतो.

त्याच भेटीत पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरली, गुण १३ आले, म्हणजे मध्यम नैराश्य. आत्महत्येविषयीचा प्रश्न मी स्पष्ट शब्दांत विचारला. विचार नव्हता, तरी फवारणीचे औषध घरात उघड्यावर नव्हे तर कुलपात ठेवायला सांगितले. महिन्यातून एकदा येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी पुढे सर्ट्रालीन ही नैराश्यावरची गोळी २५ मिलीग्रॅमने सुरू करून ५० वर नेली.

मग नोंद लिहिली. नोंद कशी लिहावी, यावर मी त्या आठवड्यात सर्वांत जास्त विचार केला होता. ‘फंक्शनल’, ‘मानसिक’, ‘काही नाही’ हे शब्द मी टाळले, कारण कागद रुग्णाच्या पिशवीतून फिरतो, तो भाचा वाचून दाखवतो, आणि पुढचा डॉक्टर त्या शब्दापाशीच थांबतो. माझी नोंद साधारण अशी होती :

‘तिचे शब्द : मान ओढते, धडधड, मुंग्या, मंगळवारी जास्त. भीती : जावेसारखे हृदय बंद पडेल. सापडले : मानेचे स्नायू ताठ, दुखरे, नाडी ८४, हृदयाचे आवाज सामान्य, हिमोग्लोबिन ९.८, लोह चालू. संदर्भ : मुलाशी संपर्क नाही, कर्जाचा साप्ताहिक हप्ता. दिलेले स्पष्टीकरण : तांब्याचे उदाहरण; मानेबाबत पटले, धडधडीबाबत अजून नाही. ठरले : दर चार आठवड्यांनी गुरुवारी, माझ्याकडेच, प्रत्येक वेळी थोडी तपासणी, मागणीवरून सलाईन नाही, एका बाजाराला जाऊन येणे. पुन्हा तपासावे जर : श्रमाने येऊन विश्रांतीने थांबणारी छातीची कळ, भोवळ येऊन पडणे, वजन घटणे, ताप, किंवा कोणतेही नवे लक्षण.’

‘पटले, अजून नाही’ हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुढच्या भेटीत तेथूनच सुरुवात करता येते आणि मी रजेवर असले तरी दुसरा डॉक्टर तेच उदाहरण पुढे नेऊ शकतो. तारखा लिहून ठेवा म्हणणे मावशींच्या बाबतीत चालले नाही, कारण लिहिता येत नव्हते. म्हणून घरच्या कॅलेंडरवर त्रासाच्या दिवशी कुंकवाचा ठिपका लावायला सांगितले. एप्रिलच्या भेटीत त्यांनी ते पान आणले. सोमवार-मंगळवारच्या चौकटी लाल झाल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “हप्त्याचाच दिस हाय हा.”

हे वाचून कुणाला ही पद्धत रामबाण वाटू नये. इंग्लंडमध्ये कुटुंबवैद्यांना ती शिकवून केलेल्या चाचणीत संवाद सुधारला, पण रुग्णांची प्रकृती विशेष सुधारली नाही. माझाही अनुभव तसाच आहे : मेमध्ये मावशींच्या भावाने येऊन ‘बहिणीला वेडी ठरवता का’ म्हणून जाब विचारला आणि आम्ही पुन्हा पहिल्या टप्प्यावर आलो. मला वाटते, माझ्यासारख्या डॉक्टरांना दुवा जोडण्याचीच घाई होते आणि रुग्णाने स्वतः दिलेला धागा कानांवरून जातो. दुखणेही गेले नाही. सहा महिन्यांत सहा ठरलेल्या भेटी आणि एकच न ठरलेली भेट, बाजाराच्या बहुतेक वाऱ्या सुरू, हिमोग्लोबिन ११.४, आणि मान अजूनही मंगळवारी दुखते, असा हिशेब होता.

ती न ठरलेली भेट ऑगस्टच्या शेवटी झाली. अंग मोडून आले आहे, डोके फुटते आहे, असे त्या सांगत होत्या; बाहेर रांग होती, आणि माझ्या मनात ‘पुन्हा तेच’ असे येऊन गेले. केसपेपर उघडला तेव्हा शेवटच्या ओळीत माझेच अक्षर दिसले : ताप, किंवा कोणतेही नवे लक्षण. थर्मामीटरने १०२ दाखवले. कपडे बाजूला करून तपासल्यावर कमरेवर, लुगड्याची गाठ येते तिथे, विडीने भाजल्यासारखी काळी खपली होती. गवत कापायला त्या चार दिवस धुऱ्यावर जात होत्या. गवता-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस हा ताप धरून डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस दिले, रक्ताचा नमुना पाठवला, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्या दिवशीच्या कागदावर मी मानेविषयी एकच ओळ लिहिली, की ती तशीच आहे, आणि पुढचा गुरुवार कायम ठेवला.