सदऱ्यावरचा लाल

तेराव्याच्या आदल्या दिवशी फोटो घेऊन येणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. साताऱ्यातल्या आमच्या स्टुडिओत रिटचिंगचं काम मी बघते, आणि त्या दिवशी सकाळी शटर वर करतानाच एक गृहस्थ पायरीवर उभे होते. वडील गेले होते. दुसऱ्या दिवशी तेरावा होता आणि त्याला बारा बाय अठरा इंचाची फ्रेम हवी होती.

"अण्णांचा एकट्याचा असा फोटोच नाही," ते म्हणाले. "लग्नाकार्यातले आहेत, पण ते सगळे गर्दीतले. हा एकच बरा आहे."

फोटो वाईच्या घाटावरचा होता. ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन अण्णा कृष्णेच्या दगडी पायऱ्यांवर बसलेले, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. सकाळचं ऊन चेहऱ्यावर आलेलं आणि फोटो काढणाऱ्याकडे बघून ते मनापासून हसलेले. घरच्यांना हाच का हवा ते बघताक्षणी कळलं. पण त्यांच्या खांद्याला लागूनच लाल टी-शर्ट घातलेला एक तरुण पायऱ्या उतरत होता. त्याच्या हातातली कापडी पिशवी पुढे झोकली गेली होती आणि तिच्यामागे अण्णांचं कोपर झाकलं होतं. पायाशी पाण्याची बाटली, एक प्लास्टिकची पिशवी आणि मिटलेली छत्री.

"तो मागचा माणूस तेवढा काढा, ताई. पाच मिनिटांचं काम असेल ना?"

माणूस पुसायला खरंच फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्याच्यामागे काय होतं ते शोधायला. नुसता मागे उभा असता तर दगडी पायऱ्या भरून भागलं असतं. इथे पिशवी पुढे आली होती, म्हणजे अण्णांच्या शरीराचाच एक भाग फोटोत नव्हता. तो मनाने काढायला माझी तयारी नसते. दगड थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाला कळत नाही, पण आयुष्यभर शेजारी बसलेल्या माणसाला हाताची ठेवण चुकलेली लगेच जाणवते.

त्यांच्या फोनमधला फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेला, बाराशे बाय सोळाशे पिक्सेलचा होता. अण्णांपुरता भाग कापून घेतला असता तर रुंदीला आठशेच उरले असते, आणि बारा इंचावर पसरल्यावर इंचाला जेमतेम सहासष्ट. दुसरी अडचण रंगाची. अशा दाबलेल्या फाइलमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा जाड साठवलेली असते. त्यामुळे लाल टी-शर्ट आणि पांढरा सदरा जिथे भेटतात तिथे लाल रंग दोन-तीन पिक्सेल सदऱ्यात उतरलेला होता. मूळ फोटो कुणी काढला, असं मी विचारलं. पुण्यातल्या बहिणीने.

तिला फोन लावायला सांगितलं. "मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा," मी तिला म्हणाले, "आणि त्याच्या आधीचे, नंतरचे, हललेले, डोळे मिटलेले, जे असतील ते सगळे पाठवा." लोक एका बैठकीत दोन-चार वेळा बटण दाबतात आणि त्यातला एकच ग्रुपवर टाकतात. बाकीचे फोनमध्ये पडून असतात, कारण ते कुणी पुसलेले नसतात. माझ्या कामात तेच सोनं.

तिचे तीन फोटो आले. मूळ फोटो तीन हजार बाय चार हजारचा होता, म्हणजे कापल्यावरही रुंदीला दोन हजार मिळणार होते. इंचाला साधारण एकशे सहासष्ट, भिंतीवर लावायच्या फोटोला पुरेसे. आणि तिसऱ्या फोटोत तो तरुण खाली निघून गेला होता. अण्णांचे डोळे मिटलेले, मान वळलेली, म्हणून तो कुणी बघितलाही नव्हता. पण कोपर होतं, सदऱ्याच्या बाहीची घडी होती आणि मागच्या पायऱ्या अख्ख्या दिसत होत्या.

काम सुरू करण्याआधी मी घरच्या माणसाला स्क्रीनसमोर बसवते आणि चौकटीतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारते, ही कुणाची? काय अडगळ आहे ते मी ठरवत नाही. मुलाने बाटली, पिशवी आणि छत्री तिन्ही काढा म्हणून सांगितलं. मग त्यांनी आईला फोन केला. आई म्हणाल्या, पिशवी आपलीच आहे, प्रसादाची, पण काढली तरी चालेल. छत्री मात्र राहू द्या, तिच्यावर त्यांचा हात आहे. बघितलं तर खरंच बोटं मुठीवर टेकलेली होती. छत्री काढली असती तर हात अधांतरी राहिला असता.

आता मुख्य काम. दोन्ही फोटो एकावर एक लेयर म्हणून ठेवले आणि फोटोशॉपला जुळवायला सांगितले. ते नीट जुळले नाहीत, जुळणारही नव्हते. मधल्या वेळात बहीण हातभर बाजूला सरकली होती. उभं राहायची जागा बदलली की जवळच्या वस्तू चौकटीत जास्त सरकतात आणि दूरच्या कमी. पायऱ्या जुळवल्या की कोपर हलतं, कोपर जुळवलं की पायऱ्या हलतात. म्हणून तिसऱ्या फोटोच्याच दोन प्रती घेतल्या. एक प्रत दगडांच्या सांध्यांवर बसवली, चार सांधे निवडून चारही कोपरे ओढून. दुसऱ्या प्रतीतून फक्त कोपर आणि बाही घेतली आणि ती मूळ फोटोतल्या दंडाच्या रेषेवर बसवली. घडीची एक रेघ मूळ फोटोत पिशवीच्या वर संपत होती, ती खालच्या तुकड्यात पुढे गेली पाहिजे, हे माझं माप होतं.

त्याआधी अण्णांच्या कडेने पेन टूलने पाथ काढून घेतला होता, म्हणजे मागचं भरताना सदऱ्याला धक्का लागत नाही. ही कड ब्लेडने कापल्यासारखी ठेवली तर माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. मूळ फोटोत, जिथे कुणी आडवं नाही अशा दुसऱ्या खांद्याची कड किती मऊ आहे ते आधी बघायचं आणि तेवढीच मऊ ठेवायची. इथे ती दीड पिक्सेल निघाली.

तिसरा फोटो काढताना ऊन थोडं उतरलं होतं. दगड निळसर आणि फिके आले होते, म्हणून कर्व्हजने गडद भाग आधी जुळवले, मग उजळ. तरी टोपीच्या मागची हातभर जागा दोन्ही फोटोंत झाकलेली होती, कारण तिसऱ्यात मान वळली होती. तेवढा भाग, आजूबाजूचं बघून जागा आपोआप भरणाऱ्या कंटेंट-अवेअर फिलने भरून पाहिला. त्याने एकच शेवाळी डाग तीन ठिकाणी उमटवला आणि पायरीची कड मधेच वाकवली. असे भाग डोळ्याला लगेच खटकतात, कारण डाग कधी जुळे नसतात आणि पाथरवटाने घडवलेली कड वाकत नाही. मग क्लोन स्टॅम्प घेऊन हाताने भरलं. पायरीची कड आधी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग तिच्या वरचा-खालचा दगड, दर वेळी वेगळ्या जागेहून उचलून.

दुपारी मुलगा जेवून परत आला. स्क्रीनवर तरुण नव्हता, पिशवी नव्हती, पायऱ्या सलग होत्या. "झालं की!" तो म्हणाला. मग थोडा वेळ बघत राहिला. "पण काहीतरी वेगळं वाटतंय. अण्णांना लागलंय का तिथे?"

त्याने बोट ठेवलं ते बाहीवर. मीही तिथेच येणार होते. पांढरा सदरा त्या बाजूने गुलाबी होता. उन्हातल्या लाल टी-शर्टावरून परतलेला उजेड जवळच्या पांढऱ्या कापडावर आणि जबड्याच्या कडेवर पडला होता. तरुण चौकटीत होता तोवर डोळ्याला ते साहजिक वाटत होतं, कारण लाल रंग शेजारीच दिसत होता. तो गेला आणि लाल मागे राहिला. माणूस काढलेला फोटो ओळखायचा असेल तर मी आधी हेच बघते: ज्याची सावली आहे, ज्याचा रंग आहे, ते इथे आहे का?

हा रंग पुसताना कापडाची वीण जाऊ द्यायची नसते. वर एक रिकामा लेयर घेतला, त्याचा मोड कलर केला, म्हणजे ब्रश फक्त रंग बदलतो, उजेड-अंधार तसाच राहतो. रंग दुसऱ्या बाहीच्या सावलीतून उचलला. तो शुद्ध राखाडी नव्हता, किंचित निळा होता, कारण सावलीतल्या पांढऱ्यावर आभाळाचा उजेड असतो. राखाडी लावला असता तर बाही मळकी दिसली असती. मऊ ब्रश, वीस टक्के ताकद, हळूहळू. जबड्यासाठी रंग दुसऱ्या गालाच्या त्याच जागेवरून घेतला.

मग सावली. तरुणाची सावली अण्णांच्या बाजूच्या पायरीवर पडली होती आणि अण्णांच्या स्वतःच्या सावलीत मिसळली होती. ती सगळी उजळून टाकली तर बसलेला माणूस दगडावरून उचलल्यासारखा दिसतो. कुठली सावली कुणाची ते तिसऱ्या फोटोत स्पष्ट होतं, तिथे फक्त अण्णांचीच होती. त्या कडेपर्यंत मास्क केला, म्हणजे अण्णांची सावली तशीच राहते. कापडाला टेकून दगडावर जी बारीक काळी रेघ असते, तिला हात लावला नाही.

शेवटी दाणे. भरलेला भाग गुळगुळीत होतो आणि फोनच्या फोटोत सावलीत बारीक दाणे असतातच. शंभर टक्के झूमवर बघून भरलेल्या भागावर थोडा नॉइज टाकला. नंतर सगळ्यांच्या वर एक तात्पुरता लेयर ठेवून कॉन्ट्रास्ट मुद्दाम भरमसाट वाढवला. साध्या नजरेला न दिसणारे ठिगळ त्यात उघडे पडतात. टोपीच्या मागे एक पट्टा फिका निघाला, तो दुरुस्त केला. चित्र आडवं उलटंही करून पाहिलं, कारण तासन्तास बघितलेल्या चित्राला डोळा सरावतो.

मुलाने जाता जाता विचारलं होतं, अण्णांची दाढीची खुंटं आणि गालावरचा काळा डाग काढता का? मी म्हणाले, आईंना विचारा. त्यांनी फोनवरच नको म्हणून सांगितलं.

आधी पाच बाय सातची एक प्रत काढली, कारण स्क्रीनवर सावल्या उजळ दिसतात आणि कागदावर बुडतात. छत्रीची मूठ अंधारात गेली होती, तेवढा भाग उचलला आणि मग मोठी प्रिंट मॅट कागदावर टाकली. घरात समोर समई लागणार, चकचकीत कागदावर तिची ज्योत चेहऱ्यावर चमकली असती. संध्याकाळी फ्रेम गेली.

मूळ फोटो, तिसरा फोटो आणि लेयरसकट फाइल अशा तिन्ही गोष्टी मुलाच्या पेनड्राइव्हवर दिल्या आणि मूळ फोटो पुसू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात बहिणीचा पुण्याहून फोन आला, तिला घाटासकट अख्खा फोटो हवा होता. खालच्या पायऱ्यांवर त्या तरुणाची उरलेली सावली अजून होती, ती काढून तिला पाठवला.