तुम्ही विचारलंत म्हणून: गच्चीवरचं कापड आणि वारा

"ताई, गच्चीवर वर कापड टांगायचं, खाली गाद्या, मेणबत्त्या. पण वाऱ्याचं काय करता?"

करायचं ते बांबूपाशी करायचं, पण प्रश्न नेहमी कापडाबद्दल असतो. कोणतं कापड, कोणता रंग! नेट घ्या, मलमल घ्या, फारसा फरक पडत नाही.

कॉलेज रोडवरच्या एका गच्चीचं उदाहरण घ्या. 12 बाय 10 फुटांचं एकसंध कापड, चार कोपऱ्यांना आठ फुटी बांबू, प्रत्येक बांबू वीस लिटरच्या रंगाच्या बादलीत, बादलीत गच्च वाळू. तीस किलो वजन, हलणार कसं? हललं. कारण बादलीचा तळ जेमतेम फूटभर रुंद, आणि ओढ बसते आठ फुटांवर. वरच्या टोकाला दोनेक किलोचा आडवा ओढा बसला की बादली कलंडते. ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यात तेच कापड फुगून समोर आलं, तर ओढा चाळीस किलोच्या पुढे जातो. बादलीत आणखी वाळू भरा म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

बांबू कठड्याच्या जाळीला वर-खाली दोन ठिकाणी सुतळीने आवळून बांधा. जाळी नसेल तर टाकीच्या खांबांना तार बांधा. सोलरच्या पाइपला नाही, डिशच्या दांड्याला तर मुळीच नाही. मग कापडाच्या अडीच-अडीच फुटी चार पट्ट्या करा आणि मध्ये फट सोडा म्हणजे वारा निघून जाईल. दोरीवर वाळत घातलेले कपडे कुठे फडफडतात ते संध्याकाळी बघा, पट्ट्यांची लांबी त्या दिशेने ठेवा. प्रत्येक पट्टीचं एक टोक साध्या सुती दोऱ्याने बांधा. जोराची झुळूक आली की आधी दोरा तुटतो, बांबू उभा राहतो. भर जेवणात एक पट्टी लोंबते, पाहुणे हसतात. हसू देत.

मेणबत्तीला उंच, दोन्ही बाजूंनी उघडी काच नको. खालून वारा शिरतो, ज्योत फडफडून काच काळी होते. बंद तळाची बरणी घ्या, तळाशी दोन बोटं वाळू, आणि ज्योत काठापासून निदान चार बोटं खाली. फार अरुंद बरणीत मात्र हवा पुरत नाही, ज्योत बारीक होत विझते. नेट पेटलं की वितळून थेंब पडतात, म्हणून बरण्या पट्ट्यांखाली नाही, कठड्याकडेला. बॅटरीच्या मेणबत्त्यांना मी नाक मुरडते, पण लहान मुलं असतील तर त्याच लावा. यावर माझं माझ्याशीच जमत नाही.

गाद्यांचं सोपं. मे महिन्यात स्लॅब रात्री नऊपर्यंत तापलेला असतो. पाचला पाणी मारा, सुकू द्या, मग चटई, सतरंजी आणि वर गादी. तक्के कठड्याला टेकवा. थंडीत मात्र गाद्या पाहुणे जिना चढू लागल्यावरच काढा, नाहीतर दवाने ओलसर होतात.